तीव्रतम उताराचे अचूक पाऊल आणि त्याची नागमोडी वाट

तीव्रतम उताराच्या पद्धतीत फलनाचा किमान बिंदू शोधताना प्रत्येक ठिकाणी ज्या दिशेला उतार सर्वांत जास्त आहे, ती दिशा पकडली जाते. दिशा ठरली की प्रश्न उरतो तो त्या दिशेने किती पुढे जायचे याचा. बहुतेक फलनांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर चाचपडतच शोधावे लागते. द्विघाती फलनासाठी मात्र ते एका साध्या सूत्रात मिळते आणि ते पूर्णपणे अचूक असते. असे असूनही ही पद्धत कित्येकदा रेंगाळते. किमान बिंदूकडे सरळ न जाता ती एका अरुंद दरीच्या दोन काठांवर आपटत, लहान लहान पावलांनी खाली सरकते. प्रत्येक पाऊल आपापल्या परीने सर्वोत्तम असताना सगळा प्रवास वाईट का ठरतो, हा या आढाव्याचा विषय आहे.

ही पद्धत फ्रेंच गणिती ओग्युस्तँ-लुई कोशी यांनी १८४७ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात मांडली. खगोलशास्त्रातल्या गणितांत अनेक चलांची समीकरणे एकदम सोडवावी लागत आणि त्या समीकरणांची उकल हा त्यांचा हेतू होता. म्हणून द्विघाती फलनावरच्या अचूक पावलाला आजही कोशी पाऊल म्हणतात.

पावलाची अचूक लांबी

द्विघाती फलनाचे सर्वसाधारण रूप असे असते:

f(x) = ½ xᵀAx − bᵀx

इथे A हा सममित आणि धन-निश्चित मॅट्रिक्स आहे, म्हणजे त्याची सर्व आयगेन मूल्ये धन आहेत. चल दोनच असतील तर या फलनाचा आलेख वाडग्यासारखा दिसतो, आणि समान उंचीचे बिंदू जोडले की एकात एक बसलेली लंबवर्तुळे मिळतात. कोणत्याही बिंदूवरचा ग्रेडियंट g = Ax − b असतो. वाडग्याच्या तळाशी तो शून्य होतो, म्हणून किमान बिंदू शोधणे आणि Ax = b ही समीकरणे सोडवणे हे एकच काम आहे.

एका बिंदूपासून −g या दिशेने निघाल्यावर नवा बिंदू x − αg असतो. ही किंमत फलनात घातली की α या एकाच चलातला साधा वर्गराशीचा आलेख, म्हणजे अन्वस्त, मिळतो:

f(x − αg) = f(x) − α gᵀg + ½ α² gᵀAg

अन्वस्ताचा तळ सापडण्यासाठी α च्या संदर्भात अवकलज काढून तो शून्य मानायचा. त्यातून लगेच सूत्र मिळते:

α = gᵀg / gᵀAg

या सूत्राकडे उलट बाजूने पाहिले तर पुढच्या सगळ्या घडामोडींचे मर्म हाती येते. A च्या आयगेन दिशांवर ग्रेडियंटचे घटक g₁, g₂, … आणि त्यांची आयगेन मूल्ये λ₁, λ₂, … मानली, तर

1/α = (λ₁g₁² + λ₂g₂² + …) / (g₁² + g₂² + …)

म्हणजे α चा व्यस्त हा आयगेन मूल्यांची भारित सरासरी असतो. ज्या दिशेत ग्रेडियंटचा घटक मोठा, तिला भार जास्त. आयगेन मूल्य म्हणजे त्या दिशेतली वाडग्याची वक्रता. वक्रता जास्त असलेल्या दिशेत भिंत एकदम उभी चढते, तर कमी असलेल्या दिशेत तळ सपाट पसरतो. सर्व दिशांसाठी मिळून α मात्र एकच निवडावा लागतो. अडचण इथेच सुरू होते.

लागोपाठची पावले काटकोनात का पडतात

अचूक पाऊल टाकल्यावर पोचलेला बिंदू त्या रेषेवरचा सर्वांत खालचा बिंदू असतो. तिथून त्याच रेषेवर पुढे किंवा मागे गेले तरी फलन वाढते, म्हणजे त्या बिंदूवरच्या नव्या ग्रेडियंटचा त्या रेषेच्या दिशेत काहीच घटक उरत नाही. नवा ग्रेडियंट जुन्या ग्रेडियंटला लंब असतो. चित्रात सांगायचे तर पाऊल एखाद्या लंबवर्तुळाला नेमके स्पर्श करून थांबते आणि पुढचे पाऊल त्या स्पर्शबिंदूवर काटकोनात वळते.

दोन चलांच्या बाबतीत याचा परिणाम फार कडक आहे. प्रतलात एका दिशेला लंब अशी एकच रेषा असते. त्यामुळे दुसरे पाऊल पहिल्याला लंब, तिसरे दुसऱ्याला लंब, म्हणजे तिसरे पुन्हा पहिल्याला समांतर. सुरुवातीच्या बिंदूवर ज्या दोन दिशा ठरल्या, त्या दोनच दिशांमध्ये सगळा प्रवास होतो. किमान बिंदू यांपैकी एकाही दिशेला नसेल, तर वाट नागमोडी होणे अटळ आहे.

घाटातला रस्ताही नागमोडी असतो, पण त्याची वळणे चढ सौम्य करण्यासाठी मुद्दाम घातलेली असतात. इथली वळणे दर वेळी सर्वांत तीव्र उतारच निवडल्यामुळे पडतात.

एक उदाहरण, पावलापावलाने

पुढचे फलन घेऊ:

f(x, y) = ½(x² + 9y²)

त्याचा किमान बिंदू (०, ०) असून तिथे फलनाची किंमत शून्य आहे. आयगेन मूल्ये १ आणि ९ आहेत. सर्वांत मोठ्या आयगेन मूल्याला सर्वांत लहान आयगेन मूल्याने भागले की कंडिशन नंबर मिळतो. तो κ ने दाखवतात. इथे κ = ९ आहे. समान उंचीची लंबवर्तुळे x अक्षाच्या दिशेत y अक्षाच्या तिप्पट लांब आहेत.

सुरुवात (९, १) या बिंदूपासून केली, तर ग्रेडियंट (९, ९) येतो. α चा अंश ८१ + ८१ = १६२, छेद ८१ + ७२९ = ८१०, म्हणून α = ०.२. पहिल्या पावलानंतर बिंदू (७.२, −०.८) होतो. तिथला ग्रेडियंट (७.२, −७.२) आहे आणि तो पहिल्याला लंब आहे. पुन्हा α काढला तर पुन्हा ०.२ च येतो. दुसरे पाऊल (५.७६, ०.६४) वर नेते, तिसरे (४.६०८, −०.५१२) वर. फलनाच्या किमती अशा उतरतात: ४५, २८.८, १८.४३, ११.८०. प्रत्येक वेळी आधीच्या किमतीचे ०.६४ पट उरते.

या आकड्यांत दोन गोष्टी लक्षात येतात. x ची किंमत दर पावलाला ०.८ पट होते, तर y ची −०.८ पट. दोन्हींचे आकुंचन सारखेच आहे, पण y चे चिन्ह दर वेळी उलटते. झिगझॅग म्हणतात तो हाच. उभ्या भिंतीच्या दिशेत पाऊल तळ ओलांडून पलीकडच्या भिंतीवर चढते, आणि सपाट दिशेत ते अपुरे पडते.

चिन्ह उलटण्याचे कारण

कोणत्याही आयगेन दिशेत अंतराचा घटक एका पावलात (1 − αλ) ने गुणला जातो. एखाद्या दिशेत α हा 1/λ एवढा असला, तर तो घटक एका फटक्यात शून्य होतो. त्याहून लहान असला तर घटक थोडा कमी होतो. मोठा असला तर चिन्ह उलटते, आणि 2/λ च्या पुढे गेला तर घटक उलट वाढतो.

वरच्या उदाहरणात ग्रेडियंटचे दोन्ही घटक सारखे मोठे होते, म्हणून 1/α ही दोन आयगेन मूल्यांची साधी सरासरी आली: (१ + ९)/२ = ५. आता हेच κ = ९९ साठी पाहू. आयगेन मूल्ये १ आणि ९९, सुरुवात (९९, १) पासून. 1/α = ५०, म्हणून α = ०.०२. उभ्या दिशेत गुणक 1 − 0.02 × 99 = −0.98 येतो आणि सपाट दिशेत 1 − 0.02 = 0.98.

कारण आता उघड आहे. भारित सरासरीत मोठे आयगेन मूल्य सगळ्यांवर कुरघोडी करते. κ वाढत जातो तसा α हा 2/κ च्या जवळ जातो. उभ्या दिशेसाठी ही लांबी गरजेच्या जवळजवळ दुप्पट असते, त्यामुळे घटक तळाच्या पलीकडे तेवढ्याच उंचीवर जाऊन बसतो. सपाट दिशेसाठी तीच लांबी लागते त्याच्या दोन टक्के, दोन दशांश टक्के अशी नगण्य असते. थोडक्यात, वक्रतेने जखडलेली दिशा पावलाला लगाम घालते आणि खरे अंतर ज्या दिशेत कापायचे असते ती दिशा उपाशी राहते.

दिशा चुकीची असते म्हणून पद्धत मंद पडते, असे सहसा सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. (९९, १) या बिंदूवर उताराची दिशा आणि किमान बिंदूची दिशा यांत सुमारे ४४ अंशांचा कोन आहे. κ = ९ च्या उदाहरणात तो सुमारे ३९ अंश होता, म्हणजे कोनात फारसा फरक नाही. फरक पडला तो पावलात. κ = ९ असताना पहिल्या पावलात x च्या ९ एककांपैकी १.८ एकके कापली गेली. κ = ९९ असताना ९९ पैकी १.९८ एकके कापली गेली.

मंदपणाची मर्यादा किती

सोव्हिएत गणिती लिओनिद कांटोरोविच यांनी १९४८ मध्ये सिद्ध केलेल्या असमानतेवरून अचूक पावलाची सर्वांत वाईट गती काढता येते. किमान किंमत f* मानली तर प्रत्येक पावलाला

f(xₖ₊₁) − f* ≤ ((κ − 1)/(κ + 1))² (f(xₖ) − f*)

हे कोणत्याही सुरुवातीसाठी खरे असते. κ = ९ ला उजवीकडचा गुणक ०.६४ येतो. वरच्या उदाहरणात नेमका तोच गुणक प्रत्येक पावलाला मिळाला होता, म्हणजे (९, १) हा या फलनासाठी सर्वांत वाईट आरंभबिंदूंपैकी एक आहे. मर्यादा सैल नाही, ती प्रत्यक्षात गाठली जाते.

फलनातली त्रुटी दहा लाख पटींनी कमी करायची असेल, तर या वाईट गतीने κ = ९ ला ३१ पावले लागतात, κ = ९९ ला ३४२ आणि κ = ९९९ ला ३,४५१. कंडिशन नंबर दहापट झाला की पावलेही साधारण दहापट होतात.

एवढा मोठा κ कुठून येतो, हे पाहण्यासाठी एखाद्या सळईतले तापमान काढण्याचा साधा प्रश्न पुरेसा आहे. सळईची दोन्ही टोके ठरलेल्या तापमानाला धरून मधे n समान अंतराचे बिंदू घेतले, तर मुख्य कर्णावर २ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना −१ असलेला मॅट्रिक्स मिळतो. दहा बिंदूंसाठी त्याचा κ सुमारे ४८ असतो, शंभर बिंदूंसाठी सुमारे ४,१३०. बिंदू दहापट दाट केले की κ जवळजवळ शंभरपट होतो. शंभर बिंदूंच्या या प्रश्नात वरची मर्यादा दहा लाख पट अचूकतेसाठी सुमारे १४,३०० पावले मागते. समीकरणे मात्र शंभरच आहेत.

सुरुवातीच्या बिंदूचे महत्त्व

κ मोठा असला म्हणजे वाट नेहमीच वाईट, असेही नाही. आरंभबिंदू आयगेन दिशेवरच असला, तर ग्रेडियंट थेट किमान बिंदूकडे रोखलेला असतो आणि अचूक पाऊल एकाच झेपेत तळाशी नेते. हे झाले टोकाचे उदाहरण, पण मधल्या बिंदूंतही मोठा फरक असतो.

त्याच ½(x² + 9y²) या फलनावर सुरुवात (१, १) पासून केली तर ग्रेडियंट (१, ९) येतो आणि α = ८२/७३० = ०.११२३. पहिल्या पावलानंतर बिंदू सुमारे (०.८८८, −०.०११) वर येतो. म्हणजे उभ्या दिशेतले अंतर जवळपास संपलेच. दुसऱ्या पावलाचा α = ८२/९० = ०.९११ येतो, आणि बिंदू (०.०७९, ०.०७९) होतो. फलनाची किंमत प्रत्येक पावलाला ०.०७९ पट उरते. दहा लाख पट घट सहा पावलांत होते. κ तोच ९, फलन तेच, पण (९, १) पासून निघाल्यावर ३१ पावले लागत होती.

या भाग्यवान वाटेवर एक लहान पाऊल उभ्या दिशेसाठी आणि त्यानंतरचे लांब पाऊल सपाट दिशेसाठी पडते. दोन्ही दिशांना आळीपाळीने आपल्या मापाचे पाऊल मिळते. (९, १) पासूनच्या वाटेवर मात्र दर वेळी एकच मधले माप दोघींनाही वाटून दिले जाते, आणि ते कोणालाच पुरत नाही.

चल दोनहून अधिक असले की चित्र आणखी बिघडते. जपानी संख्याशास्त्रज्ञ हिरोत्सुगु आकाइके यांनी १९५९ मध्ये दाखवले की अनेक मितींत जवळजवळ कोणत्याही सुरुवातीपासून मधल्या आयगेन दिशांतले घटक इतरांच्या मानाने विरत जातात आणि वाट शेवटी सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान आयगेन मूल्यांच्या दोन दिशांनी बनलेल्या प्रतलात अडकते. याचे कारण वरच्या गुणकातच आहे. आयगेन मूल्ये १, ५ आणि ९ असली आणि α = ०.२ असला, तर गुणक ०.८, ० आणि −०.८ येतात. मधली दिशा ताबडतोब साफ होते आणि टोकाच्या दोन दिशा उरतात. सोप्या दिशा आधी संपतात, म्हणून सुरुवातीची काही पावले झपाट्याने उतरतात आणि मग आलेख सपाट होतो.

झिगझॅग ओळखण्याच्या खुणा

लागोपाठचे दोन ग्रेडियंट काटकोनात आहेत एवढ्यावरून काहीच कळत नाही. अचूक पावलात ते नेहमीच तसे असतात, वाट उत्तम असली तरी. दोनपेक्षा जास्त चलांच्या प्रश्नात पाहायचा तो एक सोडून पुढचा ग्रेडियंट. gₖ आणि gₖ₊₂ यांच्यातल्या कोनाची कोसाइन एकच्या अगदी जवळ येऊन तिथेच राहिली, तर वाट दोन दिशांच्या फेऱ्यात सापडली आहे. त्याच सुमारास α च्या किमती दोन ठरावीक आकड्यांमध्ये हेलकावे खाऊ लागतात आणि फलनाची त्रुटी प्रत्येक पावलाला एकाच पटीत घटते. ती पट ०.९९ च्या आसपास स्थिरावली असेल, तर तीच पद्धत चालू ठेवून मिळकत थोडीच होणार.

काटकोनाचा उपयोग वेगळ्याच कामासाठी होतो. gₖ आणि gₖ₊₁ यांचा अदिश गुणाकार शून्याच्या जवळ येत नसेल, तर α काढण्यातच चूक आहे. प्रोग्राम तपासताना ही पहिली चाचणी घ्यावी.

वाट सरळ करण्याचे मार्ग

सर्वांत अनपेक्षित उपाय म्हणजे पाऊल मुद्दाम आखूड टाकणे. (९, १) पासूनच्या त्याच वाईट वाटेवर दर वेळी अचूक α च्या फक्त ०.८ पट पाऊल टाकले, तर फलनाच्या किमती अशा येतात: ४५, २९.४५, १६.६१, १०.७२, ४.५९. अचूक पावलाच्या किमती होत्या ४५, २८.८, १८.४३, ११.८० आणि चौथ्या पावलाला ७.५५. पहिल्या पावलाला आखूड पाऊल मागे पडते, दुसऱ्याला पुढे जाते आणि चौथ्याला बरेच पुढे निघून जाते. पाऊल अचूक नसल्यामुळे ग्रेडियंटांचा काटकोन मोडतो, दोन घटकांचा समतोल ढळतो आणि α ची किंमत ०.१७ पासून ०.५४ पर्यंत बदलू लागते. (१, १) पासूनच्या वाटेवर दिसलेली लहान-मोठ्या पावलांची लय इथे आपोआप तयार होते. २००२ मध्ये रायदान आणि स्वाइटर यांनी अशा शिथिल केलेल्या कोशी पावलाचाच अभ्यास केला.

याच विचाराची पुढची पायरी जोनाथन बार्झिलाई आणि जोनाथन बोरवाइन यांनी १९८८ मध्ये सुचवली. द्विघाती फलनावर त्यांच्या दोन सूत्रांपैकी एकाचा अर्थ एवढाच होतो की मागच्या बिंदूवर अचूक ठरला असता तो α या बिंदूवर वापरायचा. फलन दर पावलाला उतरेलच असे नाही, मधेच ते वाढतेही. तरी एकूण प्रवास बहुधा खूपच लवकर संपतो. मात्र (९, १) सारख्या बिंदूवर हीही युक्ती चालत नाही. पहिले पाऊल अचूक टाकले तर तिथे प्रत्येक α ०.२ च असतो, आणि उशिरा वापरला तरी ०.२ तो ०.२ च राहतो.

दिशाच बदलण्याचा उपाय मॅग्नस हेस्टेनेस आणि एदुआर्द श्टीफेल यांनी १९५२ मध्ये दिला. त्यांच्या संयुग्मी ग्रेडियंट पद्धतीत नव्या दिशेत मागच्या दिशेचा ठरावीक अंश मिसळला जातो. वरच्या उदाहरणात पहिले पाऊल तेच, (७.२, −०.८) पर्यंत. पुढची दिशा काढताना नव्या आणि जुन्या ग्रेडियंटांच्या लांबीच्या वर्गांचे गुणोत्तर, म्हणजे ०.६४, घ्यायचे. (−७.२, ७.२) मध्ये (−९, −९) चे ०.६४ पट मिळवले की (−१२.९६, १.४४) मिळते, आणि ही दिशा थेट उगमबिंदूकडे जाते. दुसऱ्याच पावलात, ५/९ एवढ्या α ने, उत्तर हाती येते. सैद्धांतिकदृष्ट्या n चलांसाठी ही पद्धत फार तर n पावले घेते, आणि तिच्या गतीची मर्यादा κ ऐवजी κ च्या वर्गमुळावर अवलंबून असते. सळईच्या उदाहरणात ४,१३० च्या जागी ६४ येतो.

शेवटचा मार्ग म्हणजे वाडग्याचा आकारच सुधारणे. y च्या जागी z = 3y हे चल घेतले तर फलन ½(x² + z²) होते. लंबवर्तुळांची वर्तुळे होतात, κ = १ होतो आणि कुठूनही निघाले तरी एका अचूक पावलात तळ गाठला जातो. चलांची एकके वेगवेगळी असल्यामुळे, एक रुपयांत आणि दुसरे वर्षांत असल्यामुळे, κ फुगला असेल तर असा मापबदल लगेच गुण देतो. पण तो सर्वत्र चालत नाही. सळईच्या मॅट्रिक्समध्ये कर्णावरचे सगळे आकडे आधीच २ आहेत, त्यामुळे प्रत्येक चलाचे माप कर्णावरून ठरवून काहीच साधत नाही. तिथे मॅट्रिक्सचा आकार ओळखून बेतलेला रूपांतर-मॅट्रिक्स लागतो, किंवा संयुग्मी ग्रेडियंट.

द्विघाती फलनावर अचूक पाऊल काढणे फुकटासारखे स्वस्त आहे, पण तेवढ्यावर तीव्रतम उतार वापरण्यासारखा ठरत नाही. κ दहाच्या आत असेल तर तो चालतो. त्यापुढे त्याच ग्रेडियंटवर आणि जवळपास तेवढ्याच श्रमात संयुग्मी ग्रेडियंट उपलब्ध असताना, द्विघाती फलनासाठी शुद्ध कोशी पाऊल वापरण्याला कारण उरत नाही.